वॉरंटी कार्डावरचं एक कलम आणि त्याचे दोन अर्थ : उपकरण कंपन्यांच्या विधी विभागांना खुले पत्र

प्रति,
पुणे परिसरात गृहोपयोगी उपकरणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे विधी विभाग व विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील ‘कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा’ सांगणाऱ्या कलमाचा मराठी अनुवाद

स.न.वि.वि.

आम्ही पुण्यात कायद्याच्या आणि तांत्रिक मजकुराचे अनुवाद करतो. वॉरंटी कार्डाच्या शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरात, कंपनी कशाचे पैसे देईल आणि कशाचे देणार नाही हे सांगणारे एक कलम असते. त्याचे मराठी आपण आमच्यासारख्यांकडून करून घेता. बहुतेक वेळा त्यातला शब्दन् शब्द तपासलेला असतो, आणि तरीही ग्राहक त्यातून एक अर्थ काढतो, ग्राहक आयोगापुढे आपला वकील दुसरा सांगतो. असे का होते आणि ते छपाईआधी कसे पकडता येते, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

उदाहरण म्हणून १५ लिटरच्या साठवण गीझरचे कार्ड घेऊ. टाकीला पाच वर्षांची वॉरंटी आहे. बिल करासह ११,८०० रुपयांचे. कार्डावरचे मराठी कलम साधारण असे असते :

“कंपनी कोणत्याही परिस्थितीत अप्रत्यक्ष, आकस्मिक किंवा परिणामी नुकसानीस जबाबदार राहणार नाही. कंपनीची देयता कायद्याने परवानगी दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत खरेदी किमतीपुरती मर्यादित राहील.”

मूळ इंग्रजीशी हे ताडून पाहिले तर एकही शब्द गळलेला नाही. चूक शब्द गळण्याची नाहीच. यातले चार शब्द मराठी वाचकाच्या डोक्यात वेगळ्याच खुंटीवर जाऊन बसतात.

पहिला शब्द ‘परिणामी’. हिंदीत ते सहज विशेषण म्हणून चालते. आपली बरीच मराठी कार्डे इंग्रजीवरून हिंदी आणि हिंदीवरून मराठी अशा वाटेने आलेली असतात, म्हणून हा शब्द आपल्याकडे शिरला. मराठीत मात्र ‘परिणामी’ म्हणजे ‘त्यामुळे’, ‘म्हणून’. “पाऊस लांबला, परिणामी धरण भरले नाही,” असे आपण म्हणतो. वरच्या यादीत मागेपुढे दोन विशेषणे असल्यामुळे वाचक अडखळत का होईना, विशेषण म्हणून तो वाचेल. पण सेवा केंद्राच्या पाटीवर हेच कलम आखूड होऊन येते : “परिणामी नुकसानीस कंपनी जबाबदार नाही.” हे वाक्य मराठी माणूस “म्हणून, नुकसानीला कंपनी जबाबदार नाही” असेच वाचणार. कॉन्सिक्वेन्शियल डॅमेजेस एवढीच वगळायची होती आणि छापले गेले की कशाचीच भरपाई मिळणार नाही.

दुसरा ‘आकस्मिक’. इंग्रजीत इन्सिडेंटल आहे, म्हणजे दोषामुळे ग्राहकाला करावी लागलेली खटपट आणि तिचा खर्च : वस्तू खाली उतरवणे, टेम्पोने नेणे, तपासून घेणे. ‘आकस्मिक’ म्हणजे अचानक घडलेले. टाकी रात्रीतून अचानक फुटली तर ग्राहकाच्या दृष्टीने ते आकस्मिक नुकसान झाले, आणि टाकी फुटणे तर वॉरंटीत बसते! एकाच कार्डाचे पहिले पान टाकी बदलून देऊ म्हणते आणि मागचे पान, या वाचनाप्रमाणे, नाही म्हणते.

तिसरा ‘अप्रत्यक्ष’. आमच्या मते सर्वात जास्त फसवणारा हाच, कारण तो शुद्ध आणि ओळखीचा वाटतो. ‘प्रत्यक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोरचे, म्हणून ‘अप्रत्यक्ष नुकसान’ म्हणजे दिसत नाही ते. गीझरचे पाणी गळून खालच्या वॉशिंग मशीनचा सर्किट बोर्ड जळाला, तर ग्राहक म्हणेल की हे तर प्रत्यक्ष नुकसान, या बघा काळ्या पडलेल्या तारा. आपला विधी विभाग तेच नुकसान इनडायरेक्टमध्ये टाकतो. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७३ तर तिसरीच कसोटी लावते. करार मोडल्यामुळे नेहमीच्या ओघात जे नुकसान होते, किंवा करार करताना दोन्ही बाजूंना ज्याची कल्पना होती, त्याची भरपाई मिळते; दूरच्या आणि आडवळणाच्या नुकसानीची मिळत नाही. नुकसान डोळ्यांना दिसते की नाही, हा प्रश्नच तिथे नाही.

चौथी आहे ती एक शब्दसंहती : ‘कायद्याने परवानगी दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत’. इंग्रजीत ती कंपनीला आवर घालणारी आहे. जिथे कायदा जबाबदारी झटकू देत नाही, तिथे हे कलम लागू नाही, असा तिचा अर्थ. मराठीत ती वाचून वाटते की कायद्यानेच भरपाईची एक कमाल रक्कम ठरवून दिली आहे आणि ती खरेदी किमतीएवढी आहे. अर्थ नेमका उलटा झाला.

याच्या जोडीला मराठी वाक्यरचनेचा एक खड्डा आहे. “सर्व नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.” याचे दोन अर्थ होतात. कुठल्याच नुकसानीला नाही, हा एक. काही नुकसानीला आहे पण सगळ्या नाही, हा दुसरा. भारतातली न्यायालये संदिग्ध अट साधारणपणे ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचतात, तेव्हा आपल्याला कुठला अर्थ मिळेल हे सांगायला नको. नकार पूर्ण हवा असेल तर ‘कोणत्याही’ लिहावे, आणि नुकसानीचे नाव घेऊन लिहावे.

आता अनेक कंपन्या ज्यावर विसंबून राहतात त्या तपासणीबद्दल. मराठी मजकूर दुसऱ्या अनुवादकाला देऊन त्याचे पुन्हा इंग्रजी करून घ्यायचे आणि मूळ इंग्रजीशी जुळवायचे, ही रूढ पद्धत. या कलमासाठी ती कुचकामी आहे. ‘परिणामी नुकसान’ पाहिल्याबरोबर दुसरा अनुवादक बिनचूक कॉन्सिक्वेन्शियल डॅमेजेस लिहितो, कारण त्यालाही तेच समीकरण पाठ आहे. जितका अनुवाद शब्दाला शब्द, तितका तो या परीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण. वाचकाला काय कळले, हे तिथे कोणी विचारतच नाही.

म्हणून आमची सूचना अशी. शब्द जुळवू नका, ‘पैसे कोण देणार’ या प्रश्नाची उत्तरे जुळवा. त्यासाठी चार चिठ्ठ्या पुरतात. आपल्या गीझरच्या अशा होतील :

पहिली. तिसऱ्या वर्षी टाकीचा जोड गळू लागला. टाकी बदलावी लागेल.
दुसरी. ते पाणी खालच्या वॉशिंग मशीनवर पडले. तिच्या दुरुस्तीला ७,५०० रुपये लागले.
तिसरी. घरात पाणी झाल्यामुळे वीज बंद ठेवावी लागली. घरातले शिवणकाम तीन दिवस थांबले आणि ६,००० रुपयांचे उत्पन्न बुडाले.
चौथी. गीझरमधल्या दोषामुळे घरातल्या एकाला विजेचा झटका बसला. दवाखान्याचा खर्च ४०,००० रुपये.

मूळ इंग्रजी कलम आपल्या वकिलाला द्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्याला दोनच गोष्टी लिहायला सांगा : कंपनी देणार की नाही, आणि देणार तर कितीपर्यंत. फक्त मराठी कार्ड सहा जणांना द्या. त्यांतले कोणीही कंपनीतले नको, आणि निदान दोघे तरी असे हवेत जे इंग्रजी मजकूर वाचत नाहीत. त्यांनाही तेच दोन प्रश्न विचारा. शब्दांचा अर्थ मात्र विचारू नका. ‘परिणामी म्हणजे काय’ असे विचारले की माणूस अंदाजाने चांगले उत्तर देतो. पैशांचे विचारले की वाचलेला अर्थ बाहेर येतो. एखाद्या चिठ्ठीवर सहापैकी दोघांचे उत्तर वकिलापेक्षा वेगळे आले, तर ते वाक्य नव्याने लिहायचे. ज्याने चुकीचे उत्तर दिले त्याला कार्डावरच्या कोणत्या शब्दावर बोट ठेवून तो बोलतो आहे, हे दाखवायला सांगा. दुरुस्ती तिथेच करायची असते.

वकिलाची आणि वाचकांची उत्तरे शेजारी शेजारी दोन स्तंभांत लिहा. तिसरा स्तंभ कायद्याचा. नियामक काय वाचेल हे त्यात लिहायचे, आणि खरी अडचण इथे दिसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूमुळे झालेल्या हानीची व्याख्या आहे. त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचे नुकसान, शारीरिक इजा, आजार, मृत्यू आणि त्यातून होणारा मनस्ताप तिच्यात येतो. खुद्द त्या वस्तूचे नुकसान, वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेले मालमत्तेचे नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा तिच्यातून वगळला आहे. कलम ८४ नुसार उत्पादन-दोष, रचनेतला दोष, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व इशारे नसणे यांमुळे अशी हानी झाली तर उत्पादक जबाबदार ठरतो. ही जबाबदारी कायद्याची आहे, ती कार्डावरच्या वचनातून निर्माण होत नाही.

आता चिठ्ठ्या पाहा. पहिलीवर सगळ्यांचे एकमत होते : टाकी कंपनी बदलून देणार, ते वॉरंटीचेच काम. तिसरीवर वकील आणि कायदा दोघेही नाही म्हणतात, कारण बुडालेले उत्पन्न हा आर्थिक तोटा. इथे फक्त मराठी स्पष्ट हवे. दुसरी आणि चौथी वादाच्या. इंग्रजी कलम वॉशिंग मशीनचे पैसे नाकारते, पण ती गीझरखेरीज इतर मालमत्ता आहे. गळती उत्पादन-दोषामुळे असेल तर ग्राहक कलम ८४ खाली येऊ शकतो, आणि तिथे ११,८०० ची मर्यादा दाखवून भागेल असे धरू नका. विजेच्या झटक्याबाबत तर नाहीच. (पाणी आपल्या ग्राहकाच्या घरात न पडता खालच्या फ्लॅटमध्ये झिरपले, तर प्रश्न आणखी सोपा. त्या शेजाऱ्याने आपले कार्ड कधी पाहिलेच नाही. ज्या करारात तो नाही, त्याची मर्यादा त्याला बांधत नाही.)

म्हणजे ‘कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेपर्यंत’ हे शब्द या दोन चिठ्ठ्यांसाठी आहेत. इंग्रजीत सहा-सात शब्दांत लपलेले ते मराठीत उघड लिहायला हवे. या सगळ्यावरून आम्ही सुचवतो तो मजकूर :

“वॉरंटीच्या मुदतीत उत्पादनातल्या दोषामुळे गीझर बिघडला, तर कंपनी तो मोफत दुरुस्त करून देईल किंवा बदलून देईल. यांपैकी काय करायचे हे कंपनी ठरवेल.

गीझर बिघडल्यामुळे बुडालेले उत्पन्न, वाया गेलेला वेळ, आणि गीझर काढण्याचा, नेण्या-आणण्याचा खर्च या वॉरंटीखाली मिळणार नाही. गीझरखेरीज इतर वस्तूंच्या नुकसानीचे पैसेही या वॉरंटीखाली मिळणार नाहीत.

या वॉरंटीखाली कंपनी सर्व मिळून जास्तीत जास्त बिलावरच्या करासह एकूण रकमेइतका खर्च करील.

सदोष गीझरमुळे कोणाला इजा झाली, कोणाचा मृत्यू झाला किंवा इतर वस्तूंचे नुकसान झाले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार भरपाई मागण्याचा ग्राहकाचा हक्क वरील अटींमुळे कमी होत नाही.”

यातले ‘या वॉरंटीखाली’ हे शब्द तीनदा आले आहेत. संपादकाला ते खटकतील, पण काढू नका. एका बाजूला वॉरंटी, दुसऱ्या बाजूला कायदा, ही भिंत त्या शब्दांनीच उभी आहे. ‘देयता’, ‘दायित्व’ आम्ही टाळले. “पैसे मिळणार नाहीत” यात काय मिळणार नाही ते कळते. भाषा शुद्ध ठेवण्याच्या हौसेने ‘वॉरंटी’ला ‘हमी’ केलेले नाही, तेही मुद्दाम. दुकानात गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार असा समज आहे, आणि ‘हमी’ म्हटले की ग्राहकाला बदलूनच हवे असते. करार कायद्यात तर गॅरंटी हा जामीनकीचा वेगळाच करार आहे.

काही निर्णय मात्र अनुवादकाने घ्यायचे नसतात, आणि ते आपण आमच्यावर सोडता ही आमची तक्रार आहे. ‘खरेदी किंमत’ म्हणजे कराआधीचे १०,००० की करासह ११,८००? जुना गीझर देऊन १,५०० कमी झाले असतील तर ते धरून की सोडून? तीनदा दुरुस्त करूनही टाकी गळत राहिली तर? ‘एकमेव आणि अनन्य उपाय’ असे अनुवादून आम्ही ते झाकू शकतो, पण मराठी वाचकाला त्यात औषधोपचारापलीकडे काही दिसणार नाही. तसेच, सुचवलेले शेवटचे वाक्य आपल्या इंग्रजीत नसेल तर ते आम्ही मराठीत आपल्या मनाने घालू शकत नाही. आधी इंग्रजी दुरुस्त करा, मग मराठी. एका भाषेत उदार आणि दुसऱ्या भाषेत कडक असे कार्ड दोन्हीकडून मार खाते.

इंग्रजीचे मूळही एकदा बघा. “काही राज्यांत अशी मर्यादा चालत नाही, त्यामुळे ती आपणास लागू नसेल,” असे वाक्य मराठी कार्डांवर सापडते. हे अमेरिकी कार्डातून जसेच्या तसे उचललेले. तिथे १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याखालच्या नियमांनुसार ते छापावे लागते, आणि ‘राज्ये’ म्हणजे अमेरिकेतली राज्ये. हडपसरचा वाचक ते वाचून महाराष्ट्र त्या काही राज्यांत बसतो की नाही हे शोधत बसतो. हे वाक्य अनुवादायचे नसते, काढायचे असते. त्याच कार्डांत इंग्रजी कलम कॅपिटल अक्षरांत असते, कारण तिथल्या कायद्याला ते ठळक दिसायला हवे असते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. आपण मराठी मजकूर त्याच जागेत कोंबता आणि रफार, मात्रा एकमेकांत मिसळतात. ठळक टाइप आणि ओळींमध्ये मोकळी जागा, एवढे तरी द्या.

राहिले ते “तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य” हे वाक्य. विधी विभागाला ते विम्यासारखे वाटते. पण २०१९ च्या कायद्यात व्यक्त वॉरंटीची व्याख्या करताना वस्तूबद्दलचे महत्त्वाचे विधान, वचन किंवा वर्णन असे शब्द वापरले आहेत; भाषेची अट नाही. मराठीत छापलेले वचन हेही आपलेच वचन. १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुरिअरच्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा मान्य केली, हे आपले वकील नक्की सांगतील. त्या पावतीवर पाठवणाऱ्याची सही होती. खोक्यातून बिल झाल्यानंतर निघणाऱ्या कार्डावर ग्राहकाची सही नसते. शिवाय, ग्राहकाला गैरसोयीत टाकणारी अवाजवी अट असलेला करार आता ‘अनुचित करार’ म्हणून तक्रारीचा विषय होऊ शकतो, आणि अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे जात नाही, राज्य आयोगापुढे जाते. तिथे दोन भाषांतले दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवले गेले, तर इंग्रजी ग्राह्य हे वाक्य आपली बाजू मजबूत करण्याऐवजी तफावतीची आपल्याला आधीच कल्पना होती हे दाखवील. ठेवायचेच असेल तर “मराठी मजकूर ग्राहकाला अधिक अनुकूल असेल तर तोच लागू” असे जोडा.

शेवटी व्यवहाराचे. इंग्रजी आणि मराठी मजकुराला एकच आवृत्ती क्रमांक द्या आणि तो कलमाखाली छापा. चिठ्ठ्यांची उत्तरे, तारीख आणि वकिलाचा स्तंभ त्याच क्रमांकाच्या फायलीत ठेवा. इंग्रजीत एक शब्द जरी बदलला तरी चारही चिठ्ठ्या पुन्हा फिरवा. सहा वाचकांसाठी एक दुपार पुरते. सेवा केंद्रांच्या पाट्या, दुकानदाराला दिलेली पत्रके आणि कॉल सेंटरचा संवाद-मसुदा यांत हेच कलम आखूड करून वापरलेले असते. ते नव्या मजकुरातूनच काढून घ्या, जुन्या पाटीवरून नको. आणि चाकणच्या गोदामात आधीच बंद झालेल्या खोक्यांत जुनी कार्डे असतील, तर नवे कलम असलेली चिकटपट्टी खोक्याच्या बाहेर बिलाच्या पाकिटाशेजारी लावा. आत टाकलेली दुरुस्ती-चिठ्ठी बसवणारा माणूस थर्माकोलबरोबर घेऊन जातो.

आपले,
पुण्यातील कायदा व तंत्र विषयांचे काही अनुवादक